ग्रुप फोटोत आजींचे डोळे मिटले: दुसऱ्या फ्रेममधला चेहरा बेमालूम कसा बसवावा

लग्नाच्या स्टेजवर चौदा माणसं दोन रांगांत उभी केली आणि एकच फोटो काढला, तर त्यात कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले असण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी याचं गणित मांडलं होतं, आणि त्याबद्दल त्यांना २००६ साली गणिताचं इग नोबेल मिळालं. फोटो काढून घेताना माणूस मिनिटाला साधारण दहा वेळा पापण्या मिटतो आणि दर वेळी पापणी पाव सेकंदाच्या आसपास मिटलेली राहते, असं त्यांनी धरलं. त्यावरून त्यांनी एक सोपा हिशेब दिला: वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला ३ ने भागा, कमी उजेडात २ ने, आणि तेवढे फोटो काढा. म्हणजे चौदा जणांसाठी मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सात फ्रेम.

सात फ्रेममध्ये एखादी सगळ्यांचे डोळे उघडे असलेली मिळेलही. पण त्यात नेमका नवरदेव मागे वळलेला असतो किंवा पुढचं पोर कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेलं असतं. हातात राहतात त्या सात अर्धवट फ्रेम. त्यातली सगळ्यात कमी बिघडलेली फ्रेम घ्यायची आणि ज्याचे डोळे मिटलेत त्याचा चेहरा दुसऱ्या फ्रेममधून आणायचा, एवढंच हे काम. ते फोटोशॉपमध्ये कसं करायचं ते एक फोटो धरून सांगतो. जिम्प वापरणाऱ्यांसाठी फरक शेवटाकडे दिले आहेत.

फोटो असा आहे. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेलची फ्रेम. ट्रायपॉड नाही, कॅमेरा हातात. फ्लॅश छताकडे वळवलेला. पुढच्या रांगेत मधोमध खुर्चीवर आजी: नऊवारी, डोक्यावरून पदर, चष्मा, कानात कुड्या, गळ्यात ठुशी. `DSC_4127` मध्ये सगळे छान आले आहेत, फक्त आजींचे डोळे मिटलेले. दोन-तीन सेकंदांनंतरच्या `DSC_4130` मध्ये आजी झकास हसल्या आहेत, पण नवरदेव नवरीशी काहीतरी बोलतोय. तेव्हा 4127 ही बेस फ्रेम आणि 4130 मधून फक्त आजी घ्यायच्या.

डोळे नव्हे, चेहरा

पहिला मोह होतो तो नुसते दोन डोळे कापून लावण्याचा. आपल्या फोटोत एक चेहरा साधारण तीनशे पिक्सेल रुंद आहे, म्हणजे डोळा साठेक पिक्सेलचा. एवढासा तुकडा, पटकन होईल, असं वाटतं. पण मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा आणि उघड्या डोळ्यांचा चेहरा यांत फक्त पापण्यांचा फरक नसतो. माणूस हसताना गाल वर चढतात, खालच्या पापणीखाली वळी पडते, भुवया सरकतात. मिटल्या डोळ्यांच्या, ओठ घट्ट धरलेल्या चेहऱ्यावर हसरे डोळे लावले, की आजी आजींसारख्या दिसत नाहीत. काय चुकलंय ते घरच्यांना सांगता येत नाही, पण चुकलंय हे लगेच कळतं.

शिवाय डोळ्यांभोवती सांधा घातला तर तो गाल आणि कपाळ यांच्या सपाट, गुळगुळीत कातडीवरून जातो. उजेडातला बारीकसा फरकही तिथे डागासारखा दिसतो. पूर्ण चेहरा घेतला तर सांधा पदराच्या कडेशी, कानामागे, हनुवटीखालच्या सावलीत, म्हणजे जिथे आधीच कड आहे तिथे नेता येतो. म्हणून जास्त घेणं हेच सोपं काम आहे, जरी दिसायला उलटं वाटलं तरी.

दुसरी फ्रेम निवडताना

दोन्ही फ्रेम शेजारी ठेवून १०० टक्के झूमवर बघा. डोळे उघडे आहेत का हे शेवटी बघायचं. आधी बघा, मान किती वळली आहे. दोन्ही कानांपैकी कोणता किती दिसतो आणि नाकाचं टोक कोणत्या गालाकडे झुकलंय, यावरून ते कळतं. मान थोडी कलती असेल तर फिरवून सरळ करता येते. पण चेहरा डावी-उजवीकडे वळलेला असेल तर ते कोणत्याही फिरवाफिरवीने दुरुस्त होत नाही, कारण चेहऱ्याची वेगळीच बाजू कॅमेऱ्यासमोर आलेली असते.

मग नजर. स्टेजसमोर फोटोग्राफर एक आणि मोबाइल दहा, त्यामुळे आजी दुसरीकडेच बघत असतील तर डोळे उघडे असूनही उपयोग नाही. तिसरी गोष्ट रेखीवपणा: 4130 मध्ये आजी हलल्यामुळे किंचित पुसट आल्या असतील तर ती फ्रेम सोडा. चेहरा जरा कमी हसरा असलेला चालेल, पण पुसट चेहरा रेखीव फोटोत कधीच मिसळत नाही.

बर्स्टमध्ये काढलेल्या फ्रेमबद्दल एक सांगून ठेवतो. सेकंदाला दहा फ्रेम काढणारा कॅमेरा एकाच पापणी मिटण्यात दोन-तीन फ्रेम टिपतो, आणि तिन्हींत डोळे मिटलेले किंवा अर्धवट येतात. त्यामुळे लागूनची फ्रेम सहसा कामाची नसते. सेकंदभर पुढची-मागची बघा. स्वतः फोटो काढत असाल तर दोन क्लिकमध्ये सेकंद-दोन सेकंद जाऊ द्या. तेवढ्याने फ्लॅशलाही भरायला थोडा वेळ मिळतो.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत यासाठी घेऊ नका. ती आकाराने लहान केलेली आणि दाबलेली असते, मग कडा चौकोनी ठिपक्यांत विरघळलेल्या दिसतात. फोटोग्राफरकडून मूळ फाइल मागा, किंवा निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

रॉ असेल तर आधी तिथे

दोन्ही फाइल रॉ असतील तर लाइटरूम किंवा कॅमेरा रॉमध्ये दोन्हींना एकच सेटिंग लावा. 4127 नीट करून घ्या, मग दोन्ही निवडून Sync करा. व्हाइट बॅलन्स Auto वर ठेवू नका, कारण तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा ठरतो. लेन्स करेक्शन दोन्हीकडे सारखं हवं, नाहीतर फ्रेमच्या कडांजवळचे चेहरे एकमेकांवर बसत नाहीत. क्रॉप अजिबात करू नका, ते सगळ्यात शेवटी.

लाइटरूममधून दोन्ही फाइल निवडून राइट क्लिक, Edit In, मग Open as Layers in Photoshop. लाइटरूम नसेल तर फोटोशॉपमध्ये File > Scripts > Load Files into Stack. दोन्ही वाटांनी एकाच डॉक्युमेंटमध्ये दोन लेयर मिळतात. बेस खाली ठेवा, 4130 वर.

सगळी फ्रेम जुळवणं, आणि ते का पुरत नाही

कॅमेरा हातात होता, म्हणजे दोन फ्रेम थोड्या सरकलेल्या असणारच. बेस लेयरला पूर्ण कुलूप लावा, म्हणजे फोटोशॉप तोच स्थिर धरतो. मग दोन्ही लेयर निवडून Edit > Auto-Align Layers. आधी Reposition निवडून बघा. त्यात लेयर ताणला-वाकवला जात नाही, म्हणून चेहऱ्याचा आकार बिघडत नाही. त्याने भागलं नाही तरच Auto.

जुळलं का ते बघण्यासाठी वरच्या लेयरचा ब्लेंड मोड Difference करा. दोन्हीकडे जे हुबेहूब सारखं आहे ते काळं पडतं आणि जे हललंय त्याच्या कडा उजळ दिसतात. आपल्या फोटोत मागची फुलांची सजावट जवळजवळ काळी पडली, पण पुढच्या रांगेच्या सगळ्या कडा चमकत राहिल्या. घाबरू नका, यामागे साधं कारण आहे. फोटोग्राफर दोन क्लिकच्या मध्ये चार-पाच सेंटिमीटर जरी बाजूला सरकला, तरी जवळची माणसं जास्त सरकलेली दिसतात आणि लांबची भिंत कमी. त्यामुळे अख्खी फ्रेम एकाच वेळी जुळणं शक्यच नसतं. भिंत जुळली तर आजी सुटतात आणि आजी जुळल्या तर भिंत. आपल्याला आजींशीच काम आहे.

म्हणून आता ब्लेंड मोड परत Normal करा. लॅसोने वरच्या लेयरमधून आजींचं डोकं, पदर, मान आणि खांद्यांचा थोडा भाग असा ऐसपैस निवडा आणि Ctrl+J ने वेगळा लेयर करा. या तुकड्याला राइट क्लिक करून Convert to Smart Object करा, म्हणजे पुढे तो कितीही वेळा फिरवला-सरकवला तरी दर वेळी नव्याने झिजणार नाही. 4130 चा मोठा लेयर त्याच्या बाजूच्या डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून बंद ठेवा. काढून टाकू नका.

आजींपुरतं जुळवणं

तुकड्याची ओपॅसिटी ५० टक्के करा आणि २०० टक्के झूम करा. आता दोन आजी एकमेकींवर दिसतात. कशाशी काय जुळवायचं, यावर सगळं अवलंबून आहे. डोळे जुळवता येत नाहीत, कारण खालचे मिटलेले आहेत. तोंडही नाही, कारण एकीकडे हसू आहे. हाडांना धरून असलेल्या आणि न हलणाऱ्या खुणा घ्या: नाकाचा वरचा भाग, कानाची पाळी, कपाळावर केस सुरू होतात ती रेघ. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जिथून सांधा जाणार आहे ती जागा, पदराची आतली कड आणि हनुवटीखालची मान.

Ctrl+T घ्या. बाणांच्या किल्ल्यांनी तुकडा एकेक पिक्सेल सरकतो, शिफ्ट धरली तर दहा. आपल्या फोटोत आजींचं डोकं सहा पिक्सेल डावीकडे गेलं होतं आणि दोनेक अंश कलतं होतं. फिरवण्याआधी फिरण्याचा मध्यबिंदू हनुवटीखाली, मानेवर आणून ठेवा, कारण खरी मानही तिथूनच कलते. तो बिंदू दिसत नसेल तर वरच्या पट्टीवर त्याचा चौकट असतो, तो चालू करा. आकारात एक-दोन टक्क्यांचा फरक करावा लागला तर ठीक, कारण माणूस पुढे झुकला की चेहरा तेवढा मोठा दिसतो. पाच टक्क्यांच्या पुढे जावं लागत असेल तर थांबा आणि दुसरी फ्रेम बघा. डोकं अंगाच्या मानाने मोठं किंवा छोटं दिसायला लागतं, आणि अशा फोटोत नातेवाइकांच्या नजरेला आधी तेच खुपतं.

सांध्याच्या जागा जुळल्या आणि नाक एक-दोन पिक्सेल सुटलं तर नाक सोडून द्या. नाक कुणी मोजत नाही, पण पदराची कड तुटलेली सगळ्यांना दिसते.

उजेड आणि रंग

फ्लॅश पूर्ण भरायच्या आत पुन्हा उडाला की पुढची फ्रेम थोडी काळवंडते. हॉलच्या दिव्यांचाही वाटा असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० पेक्षा वेगवान असेल तर लागोपाठच्या दोन फ्रेमचा उजेड आणि कधी रंगही वेगळा येतो. स्टेजवर रंग बदलणारे दिवे असतील तर मग बघायलाच नको.

डोळ्याने अंदाज घेण्यापेक्षा आकडे बघा. आयड्रॉपरचं Sample Size ११ बाय ११ Average करा, म्हणजे एखाद्या दाणेदार पिक्सेलने फसणार नाही. Info पॅनेल उघडा. आजींच्या कपाळावर कुंकवाच्या बाजूला एक जागा ठरवा, तुकडा चालू ठेवून आकडे वाचा, मग तुकडा बंद करून बेसचे वाचा. आपल्या फोटोत असे आले: बेसमध्ये लाल १९६, हिरवा १५०, निळा १२६. तुकड्यात लाल १८०, हिरवा १३८, निळा ११६.

तिन्हींचा फरक एकाच प्रमाणात आहे, प्रत्येक आकडा आठ टक्क्यांच्या आसपास कमी. याचा अर्थ रंग सारखा आहे, फक्त उजेड कमी पडला. तुकड्यात निळा ११६ ऐवजी १३१ आला असता, तर उजेडाबरोबर निळी झाकही आली आहे असं समजायचं आणि तो चॅनेल वेगळा खाली आणायचा.

नुसता उजेडाचा फरक असेल आणि रॉ फाइल हातात असेल तर 4130 चं Exposure पाव स्टॉपच्या आसपास वाढवून पुन्हा आणणं सगळ्यात स्वच्छ. हे लेयर कापण्याआधीच लक्षात आलं तर उत्तम, म्हणून मी हल्ली आकडे आधीच वाचतो. जेपीईजी असेल तर तुकड्यावर Curves ची अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाका आणि Ctrl+Alt+G ने ती फक्त तुकड्यापुरती बांधा. रेघेच्या मध्यावर एक बिंदू धरून वर उचला, हिरवा १५० च्या जवळ येईपर्यंत. लाल किंवा निळा मागे राहिला तर त्या-त्या चॅनेलमध्ये थोडं उचला. दोन-तीन आकड्यांचा फरक राहिला तर चालतो. मग दुसरी जागा तपासा, गालावरची. कपाळ जुळतं पण गाल जुळत नाही असं झालं, तर उजेडाची दिशाच वेगळी आहे. एका फ्रेममध्ये फ्लॅश उडालाच नाही की असं होतं, आणि Curves ने ते मिटत नाही.

मास्क: सांधा कुठून न्यायचा

तुकडा निवडा, Alt धरून लेयर मास्कचं बटण दाबा. काळा मास्क लागतो आणि तुकडा दिसेनासा होतो. आता पांढऱ्या ब्रशने चेहरा उघडत जायचं. D दाबल्यावर रंग काळे-पांढरे होतात, X ने अदलाबदल होते, चौकोनी कंसांच्या किल्ल्यांनी ब्रश लहान-मोठा होतो. मोठ्या मऊ ब्रशने आधी चेहऱ्याचा मधला भाग उघडा: कपाळ, डोळे, नाक, गाल, ओठ. आता आजींनी डोळे उघडले, आणि खरं काम इथून सुरू होतं.

वरून सुरुवात करा. पदराच्या आतल्या कडेला, कपाळ आणि केसांवर, एक बारीक सावली असते. सांधा त्या सावलीतून न्या. पदर मात्र बेसचाच ठेवा. का, ते सांगतो. पदरही दुसऱ्या फ्रेममधून घेतला आणि तो किंचित मागे सरकलेला असला, तर बेसमधला जुना पदर त्याच्या मागून बाहेर डोकावतो. तो झाकायला त्यामागच्या माणसाच्या कोटाचा तुकडा लागतो, तो माणूस हललेला असतो, आणि एका आजींसाठी अख्खी मागची रांग उसवत जावी लागते. पदर घसरून केस दिसायला लागले असतील तर मात्र इलाज नाही, तो सगळाच घ्यावा लागतो.

पदराची कड रेखीव आहे, म्हणून इथे ब्रश दहा-पंधरा पिक्सेलचा आणि Hardness ६०-७० टक्के. मानेवर तेच उलट: तिथे कड मऊ आहे, तर ब्रश चाळीस-पन्नास पिक्सेलचा आणि Hardness शून्य. हा एकच नियम पक्का धरा: फोटोतली कड जेवढी मऊ, तेवढीच मास्कची कड मऊ. अख्ख्या मास्कला एकाच मऊ ब्रशने फिरवलं तर पदराची कड धुरकट होते, आणि एकाच कडक ब्रशने फिरवलं तर चेहरा कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

कान आणि कुड्या चेहऱ्याबरोबरच घ्या. कान बेसचा आणि गाल दुसऱ्या फ्रेमचा असं करू नका, कारण कानाची पाळी अर्ध्या पिक्सेलने जरी दुहेरी झाली तरी कुडीचे मोती मोजताना सापडतात. सांधा कानामागे, पदर सुरू होतो तिथे.

हनुवटीखाली थोडा वेळ द्या. हनुवटीची मानेवर पडणारी सावली चेहऱ्याबरोबर यायलाच हवी. ती बेसची राहिली तर डोकं हवेत तरंगल्यासारखं दिसतं. तेव्हा हनुवटी आणि तिची सावली तुकड्यातली, ठुशी पूर्णपणे बेसची, आणि सांधा दोन्हींच्या मधल्या मानेवर. ठुशी अर्धी इकडची अर्धी तिकडची झाली तर मण्यांची ओळ तुटते. मानेवर वयाच्या घड्या असतात, त्यांना आडवं छेदण्यापेक्षा घडीच्या रेघेतूनच ब्रश न्या.

मधूनमधून बॅकस्लॅशची किल्ली दाबा. मास्क लाल रंगात दिसतो आणि चेहऱ्याच्या मधोमध न उघडलेले ठिपके राहिले असतील तर कळतात. हे ठिपके फार फसवे, कारण तिथे दोन चेहऱ्यांची सरमिसळ होते आणि गाल किंचित पुसट दिसतो, एवढंच.

चष्मा

चष्मा हा अर्धा तोटा आणि अर्धा फायदा. तोटा असा, की काचेवर फ्लॅशची तिरीप दोन्ही फ्रेममध्ये वेगळ्या जागी असते. दुसऱ्या फ्रेममध्ये ती बुबुळावर आली असेल तर ती फ्रेम कामाची नाही. फायदा असा, की पूर्ण चेहरा घेतला तर चष्म्याला हात लावावाच लागत नाही. दांडी कानामागे जाते, कान तुकड्यातला, सगळं एकसंध. दांडीचं टोक पदराखाली जातं तिथे मात्र बेसची जुनी दांडी उरली आहे का ते बघा.

तपासणी

आता फोटो मुद्दाम बिघडवून बघा. सगळ्यात वर Curves ची एक तात्पुरती लेयर टाकून रेघ खूप तीव्र करा, कॉन्ट्रास्ट भडक होईल एवढी. नेहमीच्या नजरेला न दिसणारा सांधा यात पट्ट्यासारखा उठून दिसतो. दिसला तर मास्कवर तिथेच मऊ ब्रश फिरवा. नंतर ही लेयर काढून टाका.

त्यानंतर दाणा बघा. एकाच कॅमेऱ्याच्या एकाच आयएसओच्या फ्रेम असल्या तर दाणा सारखाच असतो. पण तुकडा फिरवला किंवा लहान-मोठा केला, की पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि दाणा जरा गुळगुळीत होतो. २०० टक्क्यांवर आजींचा गाल आणि शेजारच्या काकूंचा गाल बघा. आजींचा मेणासारखा वाटला तर तुकड्यावर Filter > Noise > Add Noise, Gaussian आणि Monochromatic, एक टक्क्यापासून सुरू करा. स्मार्ट ऑब्जेक्ट असल्याने आकडा नंतरही बदलता येतो.

शेवटी झूम कमी करून अख्खा फोटो बघा, आणि Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal ने उलटा करून बघा. सरावलेल्या डोळ्यांना न दिसलेला तिरपेपणा उलट्या फोटोत पटकन जाणवतो. परत सरळ करायला विसरू नका, नाहीतर पदर उजव्या खांद्यावर जाईल आणि पहिला फोन तुम्हालाच येईल.

फक्त डोळे किंवा अख्खी आजी

वर एवढं सांगूनही, कधी फक्त डोळे आणणं बरोबर ठरतं. ट्रायपॉड होता, माणूस तसूभर हलला नाही, दोन्हीकडे हसू तेच आणि Difference मध्ये चेहरा जवळजवळ काळा पडला, तर भुवईच्या वरपासून गालाच्या वरच्या भागापर्यंत उघडा आणि थांबा. दोन्ही डोळे एकाच फ्रेममधले घ्या. एक डोळा उलटा करून दुसऱ्याच्या जागी लावण्याचा जुना उपाय वापरू नका. बुबुळावरची दिव्याची चकाकी चुकीच्या बाजूला जाते आणि माणूस तिरळा दिसतो.

याच्या उलट, मान बरीच वळली असेल किंवा आजी खुर्चीत एका बाजूला सरकल्या असतील, तर चेहरा बसवण्याची झटापट सोडा आणि अख्ख्या आजीच घ्या, खुर्चीसकट. सांधा मग माणसांच्या मधून, शेजारच्याच्या बाहीच्या कडेने आणि गालिच्यावरून जातो. गालिच्यावरचा सांधा कुणीच शोधत नाही. फक्त शेजारच्याचा हात आजींच्या खांद्यावर असेल तर तो हात कोणत्या फ्रेमचा, हे आधी ठरवा.

वेगळ्या दिवशीचा, वेगळ्या उजेडातला चेहरा मात्र आणू नका. आणि हे सगळं घरच्या अल्बमसाठी. बातमीच्या फोटोत दोन फ्रेमची जोडणी चालत नाही, रॉयटर्स आणि एपीसारख्या संस्था ती साफ नाकारतात.

जिम्प वापरत असाल तर

जिम्पमध्ये आपोआप जुळवण्याची सोय आत नाही. ह्युजिन या मोफत प्रोग्रॅमबरोबर येणारी एक कमांड ते काम करते. दोन्ही फ्रेम टिफमध्ये काढा आणि बेसचं नाव आधी लिहा, कारण पहिली फाइल स्थिर धरली जाते.

```
align_image_stack -m -a aligned_ DSC_4127.tif DSC_4130.tif
```

यातून `aligned_0000.tif` आणि `aligned_0001.tif` अशा दोन फाइल मिळतात. त्या File > Open as Layers ने उघडा. पुढे सगळं तसंच: ओपॅसिटी ५०, Difference मोड, आणि Shift+T ने सरकवणं, फिरवणं, आकार बदलणं एकाच जागी. मास्क लावताना Layer > Mask > Add Layer Mask मध्ये Black (full transparency) निवडा. उजेडासाठी Colors > Curves, पण ते मास्क लावण्याआधी करा, नाहीतर चुकून मास्कच निवडलेला राहतो आणि बदल त्याच्यावर होतो.

साठवताना

लेयरसकट पीएसडी वेगळी ठेवा. मग कडेच्या रिकाम्या पट्ट्या क्रॉप करा, एकत्र केलेली प्रत जेपीईजी काढा आणि रंगाचं प्रोफाइल sRGB ठेवा, कारण बहुतेक लॅब आणि मोबाइल तेच धरून चालतात. ६००० पिक्सेलची फ्रेम १८ इंचांवर छापली तर इंचाला तीनशेहून अधिक पिक्सेल मिळतात आणि आजींचा चेहरा जेमतेम इंचभर येतो. त्या आकारात पिक्सेलभर चुकलेला सांधा दिसणार नाही. पण मोबाइलवर लोक दोन बोटांनी झूम करतात, तेव्हा तपासणी त्या हिशेबाने करा. पीएसडी पुसू नका. फोटो ग्रुपवर गेला की "आजींचं जमलं, तर मागच्या रांगेतल्या मामांचंही बघ ना" असा निरोप येतोच, आणि तेव्हा 4130 चा तो बंद करून ठेवलेला लेयर लागतो.